पैसे आले, हे कोणाच्या तोंडून ऐकायचं?

समजा, एका ॲपवर ४५० रुपयांचा दिवाळी अंक विकायचा आहे. ग्राहक यूपीआय निवडतो, फोन त्याला बँकेच्या ॲपमध्ये नेतो, तो पिन टाकतो आणि पैसे कापले जातात. तेवढ्यात मेमरी अपुरी पडली म्हणून फोन मागे राहिलेलं आपलं ॲप बंद करतो. यशाचा निरोप घ्यायला तिथे कोणीच उरत नाही. पैसे गेले, ऑर्डर मात्र ‘पेंडिंग’.

आता उलट बाजू. ॲप सर्व्हरला नुसतं ‘पेमेंट झालं’ असं कळवत असेल, तर तसाच निरोप कोणीही हाताने तयार करून पाठवू शकतो. ॲप ग्राहकाच्या फोनवर चालतं, आपल्या ताब्यात नसतं. म्हणजे त्याचं मौन जितकं फसवं, तितकंच त्याचं बोलणंही.

म्हणून पैशांची खबर पेमेंट गेटवेकडून थेट आपल्या सर्व्हरवर यावी लागते. हाच वेबहुक. रेझरपेचं उदाहरण घेऊ. पैसे जमा धरले गेले की त्यांचा सर्व्हर आपण दिलेल्या पत्त्यावर `payment.captured` ही घटना पाठवतो. पण हा पत्ता कळला तर तिथेही खोटा निरोप येऊ शकतो. त्यामुळे सोबतच्या `X-Razorpay-Signature` या हेडरमधली सही आधी तपासायची. मजकूर आणि फक्त गेटवेला आणि आपल्याला ठाऊक असलेली गुप्त किल्ली यांवरून ती काढलेली असते. तपासताना मजकूर आला तसाच वापरायचा. जेसन उलगडून पुन्हा बांधला, तर एखादी मोकळी जागा बदलूनही सही जुळत नाही. मग ऑर्डर आणि रक्कम पडताळायची. रक्कम पैशांत येते, म्हणून इथे ४५००० हवेत.

वेळेत होकार मिळाला नाही, तर गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. प्रत्येक वेळी अंक रवाना केला, तर एकाच पेमेंटवर दोन प्रती जातील. यावर उपाय एका क्वेरीचा:

```sql
UPDATE orders SET status='paid'
WHERE id=? AND status='pending';
```

एक ओळ बदलली, तरच त्याच व्यवहारात अंक पाठवायचं काम नोंदवायचं. शून्य बदलल्या, तर हे काम आधीच झालेलं असतं. दोन्ही वेळा गेटवेला २०० हेच उत्तर द्यायचं.

मग ॲपच्या निरोपाचं काय? तो आला की पडद्यावर ‘पेमेंट तपासत आहोत’ दाखवायचं आणि आपल्याच सर्व्हरला ऑर्डरची स्थिती विचारत राहायचं. ॲप बंद पडून पुन्हा उघडलं, तरी हेच करायचं. आपला सर्व्हर बराच वेळ बंद राहिला, तर वेबहुकही हुकू शकतो. म्हणून काही मिनिटांहून जास्त ‘पेंडिंग’ राहिलेल्या ऑर्डरी घेऊन सर्व्हरने स्वतःच गेटवेला त्यांची स्थिती विचारावी. खबर उशिरा आली तरी चालेल. ती गेटवेकडूनच आलेली हवी.