भरल्याचे समाधान

क्रेडिट कार्डाचे ऑटोपे सुरू करताना बँकेचे ॲप शेवटच्या पायरीवर एक प्रश्न विचारते. दर महिन्याला खात्यातून किती रक्कम वळती करायची, टोटल अमाऊंट ड्यू की मिनिमम अमाऊंट ड्यू? दोन गोल, एकावर बोट टेकवायचे. तोवर खाते निवडून झालेले असते, ओटीपी यायचा असतो आणि आपल्याला काम उरकायचे असते. अनेक जण इथे लहान आकडा निवडतात. त्यामागचा विचार वेडगळ नसतो. पगाराच्या खात्यात एकदम मोठा खड्डा पडू नये, जमेल तसे वरचे पैसे आपण हाताने भरू, असे त्यांना मनापासून वाटते.

मला आज एवढेच म्हणायचे आहे की मिनिममचे ऑटोपे हा कार्डावरचा सर्वांत घातक पर्याय आहे. कधीतरी बिल भरायला विसरण्यापेक्षाही घातक. विसरलो तर लेट फी लागते, फोन येतो, आपण दचकतो आणि दोन दिवसांत सगळे निस्तरतो. मिनिमम आपोआप जात राहिले तर लेट फी लागत नाही, सिबिलवर थकबाकीची नोंद होत नाही, उलट दर महिन्याला ‘पेमेंट मिळाले, धन्यवाद’ असा मेसेज येतो. भरल्याचे समाधान मिळते आणि देणे मात्र तिथेच राहते.

हिशेब एकदा रुपयांत मांडून पाहू. एका शिक्षिकेने 20 जूनला कार्डावर 40,000 रुपयांचा फ्रिज घेतला. त्यांचे बिल दर महिन्याच्या 15 तारखेला तयार होते आणि भरायची शेवटची तारीख येते पुढच्या 4 तारखेला. 15 जुलैच्या बिलात एकूण देणे 40,000 आणि किमान देणे पाच टक्क्यांनी 2,000 दिसले. 4 ऑगस्टला ऑटोपेने 2,000 भरले. पूर्ण 40,000 गेले असते तर व्याज शून्य होते. पंचेचाळीस दिवस बँकेचे पैसे फुकट वापरायला मिळाले असते. आता तसे होत नाही. देणे पूर्ण फिटले नाही की बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज मोजले जाते ते 4 ऑगस्टपासून नव्हे, फ्रिज घेतला त्या 20 जूनपासून.

महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के, हा आपल्याकडच्या कार्डांवरचा नेहमीचा दर. त्या दराने 40,000 वर 45 दिवसांचे व्याज होते 2,071 रुपये. उरलेल्या 38,000 वर 15 ऑगस्टपर्यंतच्या 11 दिवसांचे आणखी 481. या व्याजावर 18 टक्के जीएसटी 459. म्हणजे 15 ऑगस्टच्या बिलात देणे येते 41,011 रुपये. दोन हजार भरले आणि देणे हजाराने वाढले.

पुढच्या महिन्यात किमान रक्कमही फुगते, कारण तिच्यात आता व्याज आणि जीएसटी धरलेले असतात. प्रत्येक बँकेचे सूत्र थोडे वेगळे असते, पण मुद्दलाचे पाच टक्के अधिक व्याज आणि कर असे धरले तर 4 सप्टेंबरला खात्यातून 4,911 रुपये जातील. 15 सप्टेंबरच्या बिलात तरीही 37,672 रुपये बाकी दिसतील. दोन हप्त्यांत मिळून 6,911 रुपये गेले आणि देणे कमी झाले 2,328 ने. फरकाचे 4,583 रुपये व्याजात आणि करात गेले.

यात मी फक्त फ्रिज धरला आहे. याच काळात त्या कार्डावर किराणा, पेट्रोल, मुलीच्या क्लासची फी हे सगळे चालूच असते. मागची बाकी आहे तोवर या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नसते. 20 जुलैला भरलेल्या 6,000 रुपयांच्या किराण्यावर त्याच दिवसापासून व्याज सुरू, 15 ऑगस्टपर्यंत साधारण 180 रुपये. डाळ-तांदूळ 42 टक्के व्याजाने घरात येतात आणि ताटात वाढताना कुणाला ते ठाऊक नसते.

गावच्या किराणा दुकानात वहीवर माल घ्यायची पद्धत होती, अजूनही कुठे कुठे आहे. तिथे बाकी वाढली की दुकानदारच म्हणायचा, ‘वहिनी, यंदा जरा जास्त झालंय हो.’ त्या बोलण्याचा संकोच वाटायचा, आणि त्या संकोचानेच घर सावरायचे. ऑटोपेमध्ये असे बोलणारे कुणी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलावर इशारा छापावा लागतो की केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि व्याज चढत जाते. पण ऑटोपे लावले की बिलाची पीडीएफ उघडायचे कारणच उरत नाही, मग इशारा वाचणार कोण?

कायदा दर कमी करून देईल, अशी आशाही आता फारशी ठेवता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निकाल रद्द केला. त्यामुळे 42 टक्के दर आज कायदेशीर आहे आणि त्यापासून बचाव करण्याची जागा तीच, ॲपमधल्या त्या दोन गोलांपाशी.

म्हणून ऑटोपे लावावे ते टोटल अमाऊंट ड्यूचे. ते लावतानाही तीन ठिकाणी माणसे अडखळतात.

पहिली गोष्ट तारखेची. बिल आधीच निघालेले असेल तर आज नोंदवलेले ऑटोपे बहुधा पुढच्या बिलापासून लागू होते. ‘लावले आहे’ म्हणून निश्चिंत राहिलेल्यांना लेट फी लागते ती याच पहिल्या महिन्यात. तेवढा महिना पैसे हाताने भरावेत आणि पुढच्या बिलात ऑटोपे नोंदले गेल्याची ओळ आहे का ते पाहावे.

दुसरी गोष्ट, कार्ड एका बँकेचे आणि खाते दुसऱ्या बँकेत असेल तर. तेव्हा एनएसीएच मँडेट करावे लागते आणि त्यात कमाल रकमेचा एक रकाना असतो. तिथे नेहमीच्या बिलाएवढा, समजा 25,000 चा आकडा टाकला आणि दिवाळीत बिल 31,000 झाले, तर कमाल मर्यादा ओलांडली म्हणून वळतीच नाकारली जाते. त्या रकान्यात कार्डाच्या लिमिटहून थोडा जास्त आकडा टाकावा. त्याने जास्त पैसे जात नाहीत. जातात ते बिलाएवढेच.

तिसरी गोष्ट शिलकेची, आणि खरी भीती तीच असते. खात्यात पुरेसे पैसे नसतील तर वळती परत जाते. मग खात्याची बँक दंड घेते, कार्डाची बँकही घेते आणि वर लेट फी. देणे दहा हजारांच्या वर असेल तर ती साधारण साडेसातशे ते तेराशे रुपये, अधिक जीएसटी. अशा वेळी एक नियम ठाऊक असावा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उलटल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि थकबाकीची नोंदही कळवता येत नाही. वळती परत गेल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी यूपीआयने भरून टाकले तर लेट फी टळते. बिनव्याजी मुदत मात्र देय तारखेलाच संपते, हे धरून चालावे. शिल्लक दर महिन्यालाच कमी पडत असेल तर दोष बहुतेक वेळा तारखेचा असतो. पगार 7 तारखेला आणि कार्डाची शेवटची तारीख 4, अशी जोडी असेल तर अडचण होणारच. कार्डाचे बिलिंग सायकल किमान एकदा बदलून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ग्राहक सेवेला सांगून देय तारीख पगारानंतर आणून घ्यावी.

मग किमान रक्कम कधी भरूच नये का? घरात कुणी दवाखान्यात असेल, पगार दोन महिने अडकला असेल, तर काहीच न भरण्यापेक्षा किमान भरणे बरे. मी त्याला दोष देणार नाही. पण तो निर्णय त्या महिन्यापुरता असावा, डोळे उघडे ठेवून, हाताने घेतलेला. कायमची आज्ञा म्हणून यंत्राला देऊन ठेवलेला नसावा. आणि दोन-तीन महिन्यांत बाकी फिटणार नाही असे दिसले तर ती बँकेकडून ईएमआयमध्ये बदलून घ्यावी किंवा पर्सनल लोन काढून फेडावी. व्याज तिथेही असते, पण सहसा 42 टक्क्यांपेक्षा बरेच कमी, आणि शेवटचा हप्ता कधी ते माहीत असते.

यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी एक सूचना. सगळी बाकी एकदम भरल्यावरही पुढच्या बिलात थोडे व्याज दिसते. आधीचे बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचे ते व्याज असते. बँकेने फसवले असे समजून ते तसेच ठेवू नका. तेवढेही भरा, म्हणजे बिनव्याजी मुदत पुन्हा सुरू होईल.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा पर्याय पुष्कळदा कार्डधारक स्वतः निवडतच नाही. निवृत्त वडिलांच्या फोनवर मुलगा निवडतो, भावाच्या कार्डावर बहीण, आणि कार्ड विकणारा प्रतिनिधी फॉर्म भरून घेताना ग्राहकाला न विचारता एका रकान्यावर खूण करतो. दुसऱ्याच्या वतीने हे बोट टेकवणाऱ्यावर त्या माणसाच्या पुढच्या कित्येक महिन्यांच्या व्याजाची जबाबदारी येते. ‘मी फक्त लावून दिले’ एवढे म्हणून ती टळत नाही. प्रतिनिधीने दोन्ही पर्यायांचा अर्थ ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. मुलानेही वडिलांना समोर बसवून बिल दाखवावे आणि कुठले पैसे कुठल्या तारखेला जातील हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यावे. पूर्ण रकमेचे ऑटोपे लावल्यावरही बिल वाचणे सुटत नाही, कारण चुकीची किंवा दोनदा लागलेली रक्कमही त्याच निमूटपणे वळती होते. बिल निघाल्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत साधारण अठरा-वीस दिवस मिळतात, तक्रार करायची ती त्या दिवसांत.

तुमच्या कार्डाचे ॲप उघडा, ऑटोपेमध्ये कोणता पर्याय निवडलेला आहे ते पाहा, आणि तुम्ही कुणाच्या फोनवर ऑटोपे लावून दिले असेल तर त्यांनाही आजच फोन करा.