प्रकाशनसूचीतील एक ओळ

महाविद्यालयातील किंवा विद्यापीठातील अध्यापकाच्या शैक्षणिक नोंदीचे तीन भाग असतात: प्रकाशने, व्याख्याने आणि विद्यार्थ्यांना केलेले मार्गदर्शन. पदोन्नतीचा अर्ज असो, नॅकची फाइल असो की विभागाच्या संकेतस्थळावरील अध्यापकाचे पान असो, हे तीन भाग सगळीकडे येतात. त्यांतील प्रकाशनांची सूची सर्वांत अवघड असते. ती केवळ लांबलचक असून भागत नाही. लेखकाला न ओळखणाऱ्या आणि त्याला काहीही न विचारणाऱ्या माणसाला तिच्यातील प्रत्येक ओळीवरून मूळ लेखापर्यंत पोहोचता आले पाहिजे. वरवर साधी वाटणारी ही अट एकेका ओळीसाठी किती कष्ट घ्यायला लावते, हे पुण्यातील एका मोठ्या नावावरून समजून घेता येते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभापासून 1945 पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. पुढे ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, पण घर पुण्यातच राहिले. 1966 साली त्यांचे निधन झाले, तोवर गणित, संख्याशास्त्र, अनुवंशशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत संहितांचे संपादन आणि प्राचीन भारताचा इतिहास एवढ्या क्षेत्रांत त्यांचे लेखन विखुरले होते. एका विषयाच्या वाचकाला दुसऱ्या विषयातील कोसंबी ठाऊक नसत. त्यांच्या गणिती लेखांचा निवडक संग्रह निघायला 2016 साल उजाडले. आज एखाद्या विभागाने त्यांची सूची करायला घेतली, तर पहिली अडचण त्यांच्या नावापाशीच येईल.

धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. पाली भाषेचे हे थोर अभ्यासक 1912 ते 1918 या काळात फर्ग्युसनमध्येच पाली शिकवत होते. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये 41 वा खंड ‘विसुद्धिमग्ग’ हा आहे. तो 1950 साली निघाला आणि त्यावर धर्मानंदांचे नाव आहे. त्याच मालेचा 42 वा खंड विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’. तो 1957 साली आला आणि त्याचे संपादक दामोदर कोसंबी व वा. वि. गोखले. आडनाव एक, नावाचे आद्याक्षर एक, माला एक आणि खंडही लागोपाठचे. संगणकाने आद्याक्षर व आडनाव जुळवून सूची तयार केली, तर वडिलांचा ग्रंथ मुलाच्या खाती जमा होणे अगदी सहज शक्य आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर दामोदर कोसंबींनी आयुष्याच्या उत्तरार्धात काही गणिती लेख ‘एस. डुक्रे’ या टोपणनावाने छापले. ते लेख आडनावाच्या शोधात कधीच सापडणार नाहीत.

कोसंबींचे उदाहरण टोकाचे वाटेल, पण पुण्यातील कोणत्याही विभागात ते छोट्या प्रमाणात रोज घडते. एस. एस. पाटील किंवा ए. व्ही. जोशी या नावाची चार-पाच माणसे एकाच विद्याशाखेत सापडतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या अध्यापिकेचे संशोधन दोन नावांत वाटले जाते. यावर 2012 पासून ऑर्किड नावाची व्यवस्था आहे. तिच्यात प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी क्रमांक मिळतो आणि नाव बदलले तरी तो बदलत नाही. सूचीच्या माथ्यावर हा क्रमांक आणि त्याखाली आजवर छापून आलेली नावाची सगळी रूपे द्यावीत. ही दुसरी गोष्ट फार थोडे जण करतात, आणि जुने लेख हरवतात ते बहुधा तिच्याअभावी.

आता एक ओळ घेऊ. कोसंबींचा जगात सर्वाधिक वापरला गेलेला लेख अवघ्या चार पानांचा आहे. दोन जनुकांमधील पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून गुणसूत्रावरील त्यांचे अंतर कसे काढावे, याचे सूत्र त्यात आहे. ‘कोसंबी फलन’ या नावाने ते आजही अनुवंशशास्त्रात रूढ आहे. लेख छापून आला तो ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकाच्या 12 व्या खंडात, पृष्ठे 172 ते 175. येथवर काही वाद नाही, पण वर्ष कोणते? बहुतेक शास्त्रज्ञ 1944 लिहितात, काही 1943. लेखाचा डीओआय, म्हणजे प्रकाशकाने दिलेला कायमचा ओळखक्रमांक, असा आहे:

```
https://doi.org/10.1111/j.1469-1809.1943.tb02321.x
```

या क्रमांकात 1943 आहे. तो खंड एका वर्षात पुरा झाला नव्हता. त्याचे अंक काही वर्षांत पसरले होते आणि लेखांच्या संगणकीय प्रती पुष्कळ नंतर तयार होताना क्रमांकात 1943 हे वर्ष गेले. अशा वेळी सूचीकाराने एक वर्ष निवडून दुसरे गाळू नये. रूढ वर्ष लिहावे, खंड व पृष्ठे द्यावीत आणि डीओआय जोडावा, म्हणजे वर्षाविषयी मतभेद असला तरी लेख तोच सापडतो. नियतकालिकाचे नावही 1954 साली बदलून ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झाले. सूचीत मात्र लेख छापला गेला त्या वेळचे नावच लिहायचे असते.

त्याच क्रमांकातील `1469-1809` हा भाग म्हणजे नव्या नावाच्या नियतकालिकाच्या ऑनलाइन आवृत्तीचा आयएसएसएन. हा आठ अंकी क्रमांक खरा वाटतो की नाही, हे कागदावर पडताळता येते. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे 8, 7, 6, 5, 4, 3, 2 यांनी गुणायचे आणि बेरीज करायची:

```
1×8 + 4×7 + 6×6 + 9×5 + 1×4 + 8×3 + 0×2 = 145
145 ÷ 11 → बाकी 2;  11 − 2 = 9
```

शेवटचा अंक 9 आहे, म्हणजे क्रमांक जुळला. (वजाबाकी 10 आली तर तेथे `X` लिहितात आणि बाकी शून्य असेल तर 0.) घाईत एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही बेरीज ते लगेच दाखवते. मनाने रचलेला क्रमांकही बहुधा येथेच पकडला जातो.

मात्र या पडताळणीची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. क्रमांक बरोबर असला म्हणजे नियतकालिक खरे असतेच असे नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचा एक प्रकार असा, की ते जुन्या, केवळ छापील स्वरूपात निघणाऱ्या प्रतिष्ठित नियतकालिकाचे नाव आणि क्रमांक उचलतात व त्याच नावाने बनावट संकेतस्थळ उभे करतात. तेथे आयएसएसएन खराच असतो. फरक कळतो तो `portal.issn.org` वर त्या क्रमांकासमोर नोंदलेला प्रकाशक व देश तपासला आणि लेखाच्या पानावरील प्रकाशकाशी ताडून पाहिला तरच. चार दिवसांत समीक्षा झाल्याचे पत्र, गणितापासून कृषीपर्यंत सगळे विषय घेणारा अंक आणि ज्यांना आपले नाव तेथे आहे याची कल्पनाच नाही असे संपादक, ही आणखी काही लक्षणे.

या प्रश्नाचा पुण्याशी थेट संबंध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा करणारा लेख भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी 2018 साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठांनी सुचवलेली, अन्य प्रमाणित सूचींत नसलेली 1009 नियतकालिके त्यांनी तपासली. त्यांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुष्कळांचा पत्ता किंवा संपादकांची माहितीच धड नव्हती, तर अनेकांनी आयएसएसएन किंवा प्रभावांकाविषयी खोटे दावे केले होते. त्यानंतर आयोगाने ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आणली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. 2025 च्या फेब्रुवारीत आयोगाने ही यादीही बंद केल्याचे जाहीर केले आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

सूचीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की लेखापुढे नुसते ‘केअर यादीत समाविष्ट’ असे लिहिणे आता निरुपयोगी आहे. यादीत नियतकालिके येत होती, वगळलीही जात होती. लेख छापला त्या महिन्यात नियतकालिक यादीत होते का, एवढाच प्रश्न खरा असतो. म्हणून दाव्यासोबत तारीख हवी आणि त्या दिवशीच्या नोंदीची प्रत जपून ठेवलेली हवी.

सूचीत स्थितीचाही प्रामाणिक उल्लेख लागतो. प्रसिद्ध झालेला, स्वीकारलेला आणि नुसता पाठवलेला लेख हे तीन वेगळे गट आहेत आणि तिसऱ्याला प्रकाशन म्हणता येत नाही. चुकीचा ठरलेला लेखही सूचीतून काढू नये. कोसंबींनी 1959 साली रीमानच्या प्रसिद्ध अनुमानाची सिद्धता दिल्याचा दावा भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात केला. ती सिद्धता टिकली नाही. तरी हा लेख वगळलेली त्यांची सूची अपुरीच म्हणावी लागेल. याउलट ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’ हा त्यांचा 1943 सालचा लेख जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीमध्ये आला होता. त्यातील कल्पना पुढे कारुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांच्या नावे रूढ झाली. सूची नीट असती तर श्रेय हमखास मिळालेच असते असे म्हणता येणार नाही, पण मूळ लेख शोधणाऱ्याचे कष्ट निश्चित वाचले असते.

व्याख्यानांच्या नोंदीत गफलत होते ती संख्येत. एकच व्याख्यान पाच ठिकाणी दिले तर ती पाच व्याख्याने नव्हेत. विषय एकदा लिहून खाली पाच ठिकाणे व तारखा द्याव्यात. परिषदेतील निबंधवाचन, निमंत्रित व्याख्यान आणि वसंत व्याख्यानमालेसारख्या सार्वजनिक मंचावरील भाषण यांचे श्रोते निराळे असतात, म्हणून त्यांचे गटही वेगळे हवेत. पारदर्शिका झेनोडोसारख्या खुल्या संग्रहात ठेवल्या तर त्यांनाही डीओआय मिळतो.

मार्गदर्शनाच्या नोंदीत पदवी मिळालेले आणि काम चालू असलेले विद्यार्थी वेगळे दाखवावे लागतात. पदवी मिळालेल्यांच्या ओळीत नाव, प्रबंधाचे शीर्षक, वर्ष आणि सहमार्गदर्शक असल्यास त्याचे नाव द्यावे. प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात असेल तर त्याचा `10603` ने सुरू होणारा हँडल क्रमांक द्यावा. चालू विद्यार्थ्यांच्या संख्येला कायद्याची मर्यादा आहे. आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे सहायक प्राध्यापकाच्या नावापुढे नऊ चालू विद्यार्थी दिसले, तर नोंद जुनी असते किंवा त्यात संपलेले व सोडलेले मिसळलेले असतात. मधेच काम सोडून गेलेल्यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय देऊ नयेत. विद्यार्थ्यांचे गुण, दूरध्वनी व नोंदणी क्रमांक तर कधीच नाहीत.

नव्या विद्यार्थ्याला या भागातून हवी असते ती वेगळीच माहिती: जागा रिकामी आहे का, कोणत्या संशोधन केंद्रात, आणि मार्गदर्शकाचे कोणते दोन-तीन लेख आधी वाचून यावे. रिक्त जागेपुढे तारीख नसेल तर त्या ओळीवर विसंबून अर्ज करणाऱ्याचा एक हंगाम वाया जाऊ शकतो.

शेवटचा मुद्दा पानाच्या पत्त्याचा. पुणे विद्यापीठाचे नाव 2014 साली बदलले, तरी त्याचा संगणकीय पत्ता `unipune.ac.in` हाच राहिला. त्यामुळे जुने दुवे या नामांतराने तरी तुटले नाहीत. व्यक्तीच्या पानाला हे भाग्य क्वचित लाभते. निवृत्तीनंतर किंवा संस्थेचे संकेतस्थळ नव्याने बांधताना ते पान नाहीसे होते आणि त्यावर ठेवलेल्या लेखांच्या प्रतीही जातात. म्हणून पानावर फक्त दुवे असावेत आणि लेखांच्या प्रती, प्रकाशकाची परवानगी असेल तेवढ्या, विद्यापीठाच्या किंवा विषयाच्या खुल्या संग्रहात ठेवाव्यात. वर्षातून एकदा, शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक दुवा उघडून पाहावा, तुटलेला बदलावा आणि पानाच्या तळाशी त्या तपासणीची तारीख लिहावी.