भांड्याचं काम, तव्याचं काम

गुरुवारी रात्री थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. शनिवारी दुपारी चाळीस पानं, आणि पुरणपोळ्या माझ्याच हातच्या हव्यात. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात? डाळच तर जास्त शिजवायची." फोन ठेवला, पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

स्वयंपाकात काही कामं भांड्याची असतात, काही तव्याची. आमटी चौघांची असो की चाळिसांची, पातेलं मोठं घेतलं की झालं. वेळ थोडाच वाढतो. पोळीचं तसं नाही. माणशी दोन धरल्या तरी ऐंशी वेळा उंडा भरायचा, लाटायचं, भाजायचं. एका तव्यावर पोळीला चार मिनिटं धरा, पाच तासांच्या वर जातात. त्यात पुरण जरा सैल राहिलं तर पोळी फुटते, घट्ट झालं तर कडेपर्यंत सरकत नाही. पुरणात उलथणं उभं राहिलं की गॅस बंद करायचा आणि गरम असतानाच वाटायचं. थंड पुरण यंत्रातून उतरत नाही.

"पूर्वीच्या बायका शंभराच्या पंगती उठवायच्या," असंही जाऊबाई म्हणाल्या. उठवायच्या, पण एकटीनं नव्हे. माझ्या आजीच्या घरी सणाला एक जण पाट्यावर पुरण वाटायची, दोघी लाटायच्या, एक चुलीपाशी असायची. त्या चौघींचं काम आज एकटीकडे मागितलं जातं आणि वर पूर्वीचा दाखला दिला जातो, हे मला मान्य नाही.

फोनवर "बघते" म्हणायचं मी टाळलं. "बघते" ऐकलं की समोरचा माणूस निश्चिंत होतो आणि शुक्रवारी संध्याकाळी तोंडघशी पडतो. तेव्हाच सांगितलं, "पोळ्या जमणार नाहीत. चाळीस जणांची कटाची आमटी साडेअकराला पोचवते."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, कट हवा तर डाळ शिजवावीच लागणार. भरपूर पाण्यात किलोभर हरभऱ्याची डाळ शिजवली, कट गाळून घेतला आणि त्यात दोन डाव डाळ घोटून घातली, की आमटी सगळ्यांना पुरते. मग उरलेल्या डाळीचं काय? ती गुळात आटवणं, वाटणं, जायफळ-वेलची घालणं, हेही भांड्याचंच काम. म्हणजे जाऊबाई डाळीबद्दल बोलल्या ते निम्मं खरंच होतं. माझ्या हातची म्हणून जी चव त्यांना हवी होती ती पुरणात होती. मला अडवत होता तो तवा.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा फोन केला. "वहिनी, आमटीबरोबर पुरणही आणते. साध्या पोळ्या तुम्ही बाहेरून सांगा. पानात डावभर पुरण वाढू आणि वर तूप."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तूप मी कढवते."