अंथरुणाची तहारत

घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची चादर धुणाऱ्यास शंका असते की, वास उरला तर कपडा पाक झाला का? प्रथम विष्ठा कागदाने उचलून संडासात टाकावी व चादर थंड पाण्यात खळबळून काढावी. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण लावावा. हनफी मताप्रमाणे दिसणारी नजासत निघेपर्यंत धुवावी. न दिसणाऱ्या नजासतीसाठी तीनदा धुऊन दर वेळी पिळावे. (शाफई मतात अशा वेळी पाणी एकदा वाहिले तरी पुरते.) यानंतरही न जाणारा पुसट डाग वा वास माफ आहे, नमाजची चिंता नको. लघवीचा उग्र दर्प अमोनियाचा असतो. पाण्यात थोडा सिरका घालून चादर भिजवल्यास तो उतरतो. सिरक्यात वा लघवीवर ब्लीच मात्र कधीही ओतू नये, विषारी वायू सुटतो. गादी पिळता येत नाही, म्हणून चादरीखाली रेक्झीन अंथरावे.