छाट कोणाच्या हातात?

भंडारा जिल्ह्यातल्या गावांत विडी वळणाऱ्या बाईचं काम सुटायला पत्र लागत नाही. सट्टेदार पत्ता आणि जर्दा देणं थांबवतो, की संपलं. तिनं विचारलंच तर उत्तर तयार असतं: ‘तू कंपनीची नोकर कुठे होतीस? घरी बसून वळायचीस, हजारामागे मजुरी घ्यायचीस. फंड नाही, नोटीस नाही.’ शहरातल्या कंपन्या हेच आता ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून छापील कागदावर लिहून देतात.

हा युक्तिवाद न्यायालयांनी फार पूर्वीच तपासला आहे, आणि तोही विडीवरच. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नागपूरच्या कारखान्यात वळणाऱ्यांना कामगार मानलं. कामाच्या वेळा ठरलेल्या नव्हत्या, तरी खराब विडी नाकारण्याचा हक्क मालकाचा होता. पुढच्याच वर्षी सिन्नरच्या एका वळणाऱ्याला मात्र बहुमतानं कामगार मानलं गेलं नाही, आणि त्याची भरपगारी रजा गेली. काम एकच, पण न्याय दोन.

1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं हा गोंधळ बराचसा मिटवला. मालकानं किंवा ठेकेदारानं कच्चा माल दिला आणि विडी घरी वळली गेली, तरी वळणारी कामगारच ठरली. सहा महिने काम केलेल्याला वाजवी कारणाशिवाय आणि महिन्याची नोटीस किंवा तेवढी मजुरी दिल्याशिवाय काढायचं नाही, अशी तरतूद कलम 31 मध्ये होती. 1985 मध्ये पी. एम. पटेल खटल्यात घरखात्याच्या कामगारांनाही भविष्य निर्वाह निधी लागू ठरला. वळताना कुणी डोक्यावर उभं नसलं, तरी छाट काढण्याचा हक्क हेच पुरेसं नियंत्रण, असं न्यायालयानं मानलं.

ही कसोटी समोरच्या माणसाला लावून पाहा. समजा, एका बाईनं हजार विड्या दिल्या आणि सट्टेदारानं शंभर छाटल्या. पत्ता कंपनीचा, मजुरीचा दर कंपनीचा, छाटीचा निर्णयही कंपनीचा. शंभर विड्यांची मजुरी बुडाली, तरी भाव मागायची सोय तिला नाही. मग हिच्या धंद्यात ‘स्वतंत्र’ काय आहे? याउलट जो स्वतःचं भांडवल घालतो, माणसं लावतो, चार मालकांशी भाव ठरवतो, तो खरा कंत्राटदार. त्याचा करार संपला आणि फंड मिळाला नाही, तर त्यात अन्याय नाही.

म्हणून लबाडी काम थांबवण्यात नाही; धंदा कधी मंदावतोच. हुकूम आपल्या हाती ठेवायचा आणि जोखीम दुसऱ्याच्या पदरात टाकायची, ही लबाडी आहे. आणि ती टिकते नोंद नसल्यामुळे. किती पत्ता दिला, किती विडी घेतली, किती छाटली, हे दर खेपेला वळणारीच्या वहीत सट्टेदाराच्या सहीनिशी उतरलं पाहिजे. कामगार संघटनांनी आणि बचत गटांनी आधी हा आग्रह धरावा. दावा दाखल करायची वेळ आली, की ‘ही आमची कोणीच नाही’ या वाक्यासमोर ती वहीच उभी राहते.