ना-देय प्रमाणपत्र

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे आम्हां नोकरदारांची पहिली धावपळ होते ती ना-देय प्रमाणपत्रासाठी. ग्रंथालयाची पुस्तके परत केली, भांडारातील वस्तू मोजून दिल्या, निवासस्थानाचे भाडे चुकते केले, की त्या त्या जागची सही मिळते. आणि साऱ्या सह्या झाल्या की आमचे या गावाला काही देणे उरलेले नाही, असे कागदोपत्री ठरते. लखनौहून निघताना अशा सर्व सह्या आमच्या खिशात होत्या. तरीही शेवटच्या संध्याकाळी अमिनाबादच्या एका गल्लीतील आमच्या शिंप्याच्या दुकानाची पायरी चढताना पाय जड झाले. कारण तेथले देणे आम्हीच जाणून होतो.

गोष्ट 2014 सालची. बंद गळ्याचा एक कोट आम्ही मास्टरजींकडे शिवावयास टाकला होता. कच्च्या शिलाईवर तो अंगात घालून पाहण्याची सवड आम्ही काढली नाही. ‘मापे घेतली आहेत ना, मग शिवा,’ असे सांगून मोकळे झालो. कोट तयार झाला तेव्हा उजव्या बाजूस गळ्यापासून काखेपर्यंत तिरप्या चुण्या पडत होत्या. आम्ही चार गिऱ्हाइकांदेखत त्यांची कात्री काढली, अक्कल काढली, आणि निम्मी शिलाई रोखून धरली. मास्टरजी एवढेच म्हणाले, “साहेब, कोट ठेवून जा.” आठवड्याने तो निर्दोष होऊन मिळाला. आम्ही तो नेला. रोखलेले पैसे मात्र दिले नाहीत.

चार वर्षांनी दुसऱ्या गावी घाईघाईत एक तयार कोट विकत घेतला. आरशात पाहतो तो त्याच चुण्या, त्याच बाजूस! तेव्हा उमगले की दोष कात्रीचा नव्हता, आमच्या उजव्या खांद्याचा होता. तो डाव्यापेक्षा पाव इंच उतरता आहे. असा खांदा फितीला सहसा सापडत नाही. छाती, कंबर, बाही ही मापे अचूक असूनही तो निसटतो. तो दिसतो कच्च्या शिलाईवर, आणि तीच पायरी आम्ही गाळली होती. त्यावर उपाय दोन. एक, त्या बाजूची शिवण उतरती करून मुंढाही तेवढाच खाली घ्यावयाचा, नाहीतर बाही आवळते. दुसरा, खांद्याखाली कापसाचा एक पातळ थर अधिक घालावयाचा, म्हणजे दोन्ही खांदे सारखे दिसतात. मास्टरजींनी दुसरा मार्ग धरला होता. त्यांनी आमचे व्यंग झाकले होते, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

हे कळल्यावरही आणखी सहा वर्षे आम्ही त्यांच्याकडे कपडे शिवले आणि गप्प राहिलो. त्यांचे मौन आणि आमचे मौन यांना एकाच तागडीत घालता येईल काय? आम्हांस दीर्घकाळ वाटे की त्यांचे मौन हा त्यांचा मोठेपणा होय. आज शंका येते. ज्याचे पोट गिऱ्हाइकावर अवलंबून आहे, त्याच्या गप्प बसण्याला मोठेपणा म्हणणे आपल्याला फार सोयीचे असते. त्यात आपल्या पदाचा धाक किती होता, हे मग पाहावे लागत नाही.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही त्यांना सारे सांगितले. मास्टरजींनी जुनी वही काढून आमचे पान उघडले. मापांखाली बारीक अक्षरांत टीप होती : उजवा खांदा पाव इंच खाली. तारीख 2014 चीच. आम्ही रोखलेले पैसे पुढे केले. ते नाकारतील, ‘राहू द्या साहेब,’ म्हणतील, अशी आमची मनोमन अपेक्षा होती. त्यांनी ते मोजून घेतले आणि वहीत जमा लिहिले. नाकारले असते तर आम्ही उदारतेच्या एका गोड आठवणीसह गाव सोडले असते. घेतल्यामुळे ते देणे दहा वर्षे देणेच होते, हे सिद्ध झाले.

निरोपाच्या वेळी मागितलेली क्षमा स्वस्त असते, हेही कबूल केले पाहिजे. उद्यापासून ज्याचे तोंड पाहावयाचे नाही, त्याच्यापुढे मान लववण्यास धैर्य थोडे लागते. ती मान सहा वर्षांपूर्वी लवली असती, तर पुढल्या प्रत्येक कोटाच्या वेळी आम्हांला त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागली असती. तेच तर आम्ही टाळले होते.

‘नव्या गावाहून कापड पाठवू,’ हे वाक्य ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले. मास्टरजींनी वहीतील मापे एका चिठ्ठीवर उतरवून दिली, शेवटी ती टीपही लिहिली, आणि म्हणाले, “नव्या शिंप्याला हे आधी दाखवा, आणि कच्च्या शिलाईवर कोट घालून पाहा, साहेब.”

त्या चिठ्ठीवर कोणाची सही नाही. प्रमाणपत्रांच्या फायलीत आम्ही ती सर्वांत वर लावली आहे.