सव्वीसने भागा

पाचोड आणि परिसरातल्या गावांतून पैठणच्या औद्योगिक वसाहतीत, चिकलठाण्याला, वाळूजला कामाला जाणारी माणसे आता निवृत्तीला येऊ लागली आहेत. अनेकांनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे एकाच कारखान्यात घातली. शेवटच्या दिवशी त्यांच्यापुढे ग्रॅच्युइटीच्या हिशेबाचा कागद येतो, अकाउंटंट म्हणतो, "काका, इथे सही करा," आणि काका सही करतात. आकडा कसा आला हे विचारणे म्हणजे शेठवर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटते. या भिडेपोटी कामगाराच्या घामाचे हजारो रुपये कारखान्यातच राहतात. ही भीड सोडली पाहिजे.

एक उदाहरण मांडतो. माणूस कल्पित आहे, पण हिशेब अनेकांना लागू पडेल. समजा, पाचोडचा एक फिटर 24 वर्षे 7 महिने नोकरी करून निवृत्त झाला. शेवटच्या महिन्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये. घरभाडे, ओव्हरटाइम, बोनस यात धरायचे नाहीत. अकाउंटंटने सांगितले, "अर्ध्या महिन्याचा पगार 9,100, गुणिले 24 वर्षे, झाले 2,18,400." ऐकायला सरळ वाटते, पण हा हिशेब चुकीचा आहे.

1972 चा ग्रॅच्युइटी कायदा पूर्ण केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यायला सांगत होता आणि त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिताही तेच सांगते. प्रश्न असा की पंधरा दिवसांचे वेतन काढायचे कसे? महिन्याचे दिवस तीस, पण कामगार रविवारी काम करत नाही. चार रविवार वजा जाता कामाचे दिवस सव्वीस उरतात आणि महिन्याचा पगार त्या सव्वीस दिवसांच्या मेहनतीचा असतो. म्हणून एका दिवसाचे वेतन काढायला सव्वीसने भागायचे. यावर मालकांनी वाद घातले, प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथे सव्वीसचाच भागाकार मान्य झाला. 1987 च्या दुरुस्तीने तो कायद्यातच लिहिला गेला, तरी आजही कुठे कुठे तीसने भागलेले कागद हातात पडतात.

आमच्या फिटरचे 18,200 भागिले 26 म्हणजे दिवसाला 700 रुपये. पंधरा दिवसांचे 10,500. आता वर्षे. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झाले असेल तर ते पूर्ण वर्ष धरायचे, असा कायदा आहे. सात महिने झालेत, म्हणून 24 नव्हे, 25. एकूण 2,62,500. अकाउंटंटच्या आकड्यापेक्षा 44,100 रुपये जास्त, म्हणजे माणसाच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक.

तो 2,18,400 चा आकडा कुठून आला हे पाहणे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक वेळी त्यामागे लबाडी असते असे नाही. प्राप्तिकराच्या नियमांत ग्रॅच्युइटीचे दोन हिशेब आहेत. ज्या आस्थापनेला ग्रॅच्युइटी कायदा लागू नाही, तिच्या कर्मचाऱ्याला करमाफी देताना शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाचा अर्धा महिना धरतात आणि फक्त पूर्ण झालेली वर्षे मोजतात, वरचे महिने सोडून देतात. ते सूत्र आहे किती रकमेवर कर लागणार नाही हे ठरवण्याचे. मालकाने किती द्यायचे, याच्याशी त्याचा संबंध नाही. अकाउंटंटने कराचे कोष्टक उचलून देण्याच्या हिशेबाला लावले तर आकडा घसरतो आणि तो घसरला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ग्रॅच्युइटीचा कायदा तर दहा किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्याला लागू होतो. एकदा लागू झाला की पुढे माणसे नऊ-सात झाली तरी तो सुटत नाही. "आमच्याकडे आता दहा जण नाहीत" हे उत्तर म्हणूनच चालत नाही.

कराबाबत या फिटरला काळजीचे कारण नाही. कायदा लागू असलेल्या कारखान्यात तीन रकमा शेजारी ठेवायच्या: हातात मिळालेली, सव्वीसच्या सूत्राने येणारी आणि 20 लाखांची मर्यादा. त्यांतली सर्वांत लहान रक्कम करमुक्त. त्याचे सगळे 2,62,500 त्यात बसतात. पण "वीस लाखांपर्यंत करच नाही" असे जे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. समजा, एका व्यवस्थापकाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता 78,000 रुपये, नोकरी 30 वर्षे. कंपनीने उदारपणे वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार दिला, म्हणजे 23,40,000. सूत्राने येतात 13,50,000. करमुक्त रक्कम ही साडेतेरा लाखांचीच. वरच्या 9,90,000 वर कर लागेल. वीस लाखांचा आकडा इथे कामालाच येत नाही. शिवाय ती मर्यादा आयुष्यभराची आहे. आधीच्या नोकरीत मिळालेल्या ग्रॅच्युइटीवर जी करमाफी घेतली असेल, ती यातून वजा होते.

सर्वांत मोठा घात मात्र भागाकाराआधीच झालेला असतो. समजा, एकूण पगार 26,000 आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता फक्त 10,400. बाकी सगळे निरनिराळ्या भत्त्यांच्या नावाने. महिन्याच्या महिन्याला हाती येणारी रक्कम तीच असल्याने कोणाला खटकत नाही. निवृत्तीच्या दिवशी मात्र वर्षामागे 6,000 रुपयेच निघतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने यावर बोट ठेवले आहे. वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर तो जास्तीचा भाग वेतनातच धरायचा. इथे वेतन 13,000 धरावे लागेल आणि वर्षामागे 7,500 येतील. पंचवीस वर्षांत 37,500 चा फरक. भत्त्यांच्या आडून कामगाराचे म्हातारपण स्वस्तात घेणाऱ्या मालकाने हे वाचून स्वतःची वेतनपत्रके पाहावीत. पाच-पन्नास माणसे त्याच्या भरवशावर घर चालवतात, त्यांच्याशी असा व्यवहार करणे अन्यायाचे आहे, मग तो कायद्याच्या फटीतून केलेला का असेना.

कायदा मालकावर आणखी एक जबाबदारी टाकतो. कामगाराने अर्ज केला नसला तरी रक्कम ठरवून ती लेखी कळवणे मालकाचे कर्तव्य आहे आणि तीस दिवसांत पैसे देणेही. उशीर झाला तर 1972 च्या कायद्याखाली ठरलेले दसादशे दहा टक्के साधे व्याज लागते. आमच्या फिटरच्या रकमेवर वर्षाला 26,250 रुपये. तरीही अर्ज लेखी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. "काही येणे बाकी नाही" अशा कागदावर सही झाली असली तरी कायद्याने ठरलेला हक्क तेवढ्याने बुडत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. कुठे जायचे हे संभाजीनगरच्या कामगार उपायुक्त कार्यालयात विचारता येते. तिथे जाताना नेमणुकीचे पत्र, शेवटची वेतनपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक घेऊन जावे. ज्याच्याकडे नेमणुकीचे पत्रच नाही, त्याला पासबुकातली पहिली जमा हाच नोकरी कधी सुरू झाली याचा हाताशी असलेला पुरावा ठरतो. म्हणून ते पासबुक निवृत्तीच्या वर्षभर आधीच काढून तारखा तपासून घ्याव्यात, कारण कारखान्यातले जुने रजिस्टर नंतर कोणी शोधून देईलच असे नाही.